हजेरीचं नवं सॉफ्टवेअर सुरू करताना परिपत्रक कसं काढावं

हजेरीचं सॉफ्टवेअर बदलतंय म्हटल्यावर कामगार पहिला प्रश्न पगाराचा विचारतो. मशीन कुठल्या कंपनीचं, ॲप कसं दिसतं, हे त्याच्या दृष्टीनं नंतरचं. तरीही बहुतेक परिपत्रकं सुरू होतात ती ‘कंपनी डिजिटल वाटचालीत एक पाऊल पुढे टाकत आहे’ अशा वाक्यानं, आणि कोणत्या तारखेचा पगार कोणत्या नोंदीवरून निघणार, हे त्यात कुठंच सापडत नाही. मग टाइम ऑफिसच्या खिडकीशी रांग लागते.

म्हणून परिपत्रक लिहायला बसण्याआधी एक वाक्य ठरवून घ्यावं: अमुक तारखेपर्यंतचा पगार मस्टरवरून, अमुक तारखेपासूनचा सॉफ्टवेअरवरून. बाकीच्या सगळ्या तारखा, प्रशिक्षणाच्या बॅचेस आणि हेल्पडेस्कच्या वेळा या वाक्याला धरूनच ठरतात.

उदाहरणासाठी चाकण एमआयडीसीतला एक मध्यम कारखाना घेऊ. कायम, ट्रेनी आणि कंत्राटी मिळून ३४० माणसं. फर्स्ट शिफ्ट सकाळी ७ ते ३, सेकंड ३ ते ११, नाइट ११ ते ७ आणि ऑफिसची जनरल ९ ते ५.३०. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, शुक्रवारी शिफ्ट बदलते. हजेरीचा महिना २६ ते २५ आणि पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. आतापर्यंत विभागाच्या सुपरवायझरकडे मस्टर असायचं. आता गेटवर चेहरा आणि बोट ओळखणारी दोन मशीन बसणार आहेत आणि मोबाइल ॲपवर प्रत्येकाला स्वतःची हजेरी दिसणार आहे.

तारखा ठरवताना

व्यवस्थापनाला १ तारीख आवडते. कारखान्याचा हजेरी महिना २६ ला सुरू होत असेल तर १ तारखेला सॉफ्टवेअर सुरू करू नये. तसं केलं तर त्या महिन्याचे पहिले काही दिवस मस्टरवर आणि उरलेले मशीनवर राहतात. पगार काढणाऱ्याला दोन्ही जोडावे लागतात आणि चूक नेमकी या जोडणीतच होते. सुरुवात हजेरी महिन्याच्या पहिल्या दिवशीच करावी.

आपल्या कारखान्यात २०२६ च्या पावसाळ्यात हे काम करायचं आहे असं धरू. २६ जून शुक्रवारी येतो, म्हणजे सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, नव्या शिफ्टच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी. यापेक्षा सोयीचा दिवस शोधून मिळणार नाही. पण त्या दिवशी मस्टर बंद करू नये. २६ जून ते २५ जुलै हा पूर्ण महिना दोन्ही हजेऱ्या सोबत चालू द्याव्यात आणि पगार मस्टरवरूनच काढावा. सॉफ्टवेअरची हजेरी एकटी चालेल ती २६ जुलैपासून. तिच्यावरून निघणारा पहिला पगार हातात पडेल ७ सप्टेंबरपर्यंत.

ही ७ सप्टेंबर परिपत्रक लिहिणाऱ्यानं कॅलेंडरवर लाल पेनानं रंगवून ठेवावी. सॉफ्टवेअर जुलैत सुरू झालं तरी कामगाराच्या खिशाला ते सप्टेंबरातच कळणार आहे. त्या वर्षी गणपती १४ सप्टेंबरला बसतात, म्हणजे पगारात घोळ झाला तर तो ऐन सणाच्या तोंडावर होईल. हेल्पडेस्कवर जादा माणूस पहिल्या आठवड्यात ठेवतात आणि मग काढून घेतात. तो ५ ते १२ सप्टेंबरलाही हवा.

आणखी एक तारीख चाकणच्या माणसानं विसरू नये. आषाढी एकादशी २५ जुलैला आहे. आळंदी हाकेच्या अंतरावर, त्यामुळं दर खात्यात दोनचार वारकरी असतात. ते पालखीबरोबर निघतात आणि एकादशी करून परततात, तोवर इकडं मस्टर बंद झालेलं असतं. दुहेरी हजेरीचा महिना त्यांच्या वाट्याला अर्धाच येतो. त्यांच्यासाठी २८ जुलैला एक वेगळी बॅच आधीच जाहीर करून ठेवावी.

परिपत्रकाआधी नाइट शिफ्ट तपासा

तीन शिफ्टच्या कारखान्यात नव्या सॉफ्टवेअरची पहिली मोठी गडबड बहुतेक वेळा नाइट शिफ्टमध्ये होते. ती कशी होते हे नीट समजून घेतलं तर परिपत्रकातली दोनतीन वाक्यं आपोआप सुचतात.

समजा ग्राइंडिंग खात्यातला एक ऑपरेटर २६ जूनच्या रात्री १०.५२ ला आत आला आणि २७ च्या सकाळी ७.०८ ला बाहेर पडला. २७ च्या रात्री तो पुन्हा १०.५० ला आला. सॉफ्टवेअरमध्ये दिवस मध्यरात्री संपतो असं सेटिंग राहिलं असेल, तर २६ तारखेखाली एकच पंच दिसतो आणि ‘मिस पंच’ लागतो. २७ तारखेखाली ७.०८ चा पंच ‘इन’ धरला जातो आणि १०.५० चा ‘आउट’. म्हणजे माणूस सलग १५ तास ४२ मिनिटं कारखान्यात! एका दिवसाची हजेरी गेली आणि दुसऱ्या दिवशी सात तासांहून जास्त खोटा ओव्हरटाइम चढला. ओव्हरटाइम दुप्पट दरानं मोजतात, त्यामुळं हा आकडा पगारपत्रकात लगेच फुगतो.

याला उपाय दोन आणि ते दोन्ही करायचे. नाइटवाल्यांची शिफ्ट रोस्टरमध्ये नावानिशी चढलेली असावी आणि त्यांच्यासाठी दिवस संपण्याची वेळ मध्यरात्रीऐवजी सकाळी उशिराची, साधारण १० ची असावी. हे काम सॉफ्टवेअर देणाऱ्याच्या माणसाकडून समोर बसून करून घ्यावं. मग दोन माणसांना खरोखर दोन रात्री पंच करायला लावून रिपोर्ट बघावा. तो बरोबर आल्याशिवाय परिपत्रकावर सही घेऊ नये. हजेरी ज्या तारखेला शिफ्ट सुरू झाली त्या तारखेची, हे वाक्य परिपत्रकात हवंच.

त्याच बैठकीत दोन्ही मशीनची घड्याळंही मोबाइलशी लावून बघावीत. दोन गेटच्या घड्याळांत चार मिनिटांचा फरक असला तर एका गेटचे लोक रोज लेट ठरतात आणि कारण कुणाला उमगत नाही.

नियम आणि सॉफ्टवेअर एकाच वेळी बदलू नका

सॉफ्टवेअर येतंच आहे तर लेट मार्कही कडक करून टाकू, असा आग्रह वरून होतो. माझं स्पष्ट मत आहे की तो मोडून काढावा. दोन्ही बदल एकदम झाले आणि पगार कमी आला, तर तो नव्या नियमामुळं आला की मशीनच्या चुकीमुळं, हे ना कामगाराला सांगता येत ना टाइम ऑफिसला. सवलत १० मिनिटांची होती तर तीच ठेवावी. फक्त ती आता नेमकी लिहावी लागते. मस्टरवाला सुपरवायझर सात दहाला धापा टाकत आलेल्या माणसाची सही घेत होता, मशीन मात्र सेकंद बघतं. ‘७.१० पर्यंत वेळेवर, ७.११ पासून लेट’ असं लिहिलं की वाद उरत नाही. कंपनीची बस उशिरा आली तर त्या बसमधल्या कुणालाही लेट मार्क लागणार नाही, हेही लिहावं, कारण जुन्या पद्धतीत ते न लिहिता पाळलं जायचं.

नोंदणी

चेहरा आणि बोटांची नोंदणी १० ते १७ जून. ग्राइंडिंग, फाउंड्री, वॉशिंग या खात्यांतल्या लोकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, कूलंटनं कातडी सोललेली असते. त्यांचं बोट नोंदणीच्या दिवशी लागतं आणि आठवड्यानं लागत नाही. प्रत्येकाची दोन हातांची दोन बोटं आणि चेहरा, असं तिन्ही घ्यावं. चेहरा हेल्मेट आणि मास्क काढून घ्यावा. मशीनच्या समोरून ऊन येत असेल, म्हणजे माणसाच्या पाठीमागं उजेड असेल, तर चेहरा ओळखायला वेळ लागतो आणि तीनच्या शिफ्टला गेटवर गर्दी होते. त्यासाठी जागा बदलावी किंवा वर शेड टाकावी. यातलं काहीच चालत नाही अशी माणसं थोडी असतात. त्यांना कार्ड द्यावं आणि ही सोय परिपत्रकात उघडपणे लिहावी, म्हणजे ती मागताना कुणाला संकोच वाटणार नाही.

बोटांचे ठसे आणि चेहरा ही खासगी माहिती आहे आणि तिच्यासाठी देशात २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे. ती कशासाठी वापरणार, कोण बघू शकणार आणि नोकरी सोडल्यावर ती कधी पुसणार, हे परिपत्रकात साध्या भाषेत सांगावं. ॲप मोबाइलचं लोकेशन घेत असेल तर तेही सांगावं. गेटवर मशीन असताना ॲपमधून पंच करायची सोय कारखान्यातल्या माणसांना द्यायची गरज नसते. ती बंद ठेवली तर लोकेशनचा प्रश्नच येत नाही.

प्रशिक्षण शिफ्टच्या आत

‘प्रशिक्षण ड्युटी संपल्यावर’ असं लिहिलं की निम्मे लोक येत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असतं. तीनला शिफ्ट सुटते, सव्वातीनला बस निघते, बस चुकली तर घरी जायचा खर्च पदरचा. प्रशिक्षण ड्युटीच्या वेळेतच ठेवावं. फर्स्टवाल्यांसाठी २.१५ ते २.५०, सेकंडवाल्यांसाठी ३.१५ ते ३.५० आणि नाइटवाल्यांसाठी रात्री ११.१५ ते ११.५०. प्रशिक्षकानं रात्री यायला हवं, हे सॉफ्टवेअर देणाऱ्याला ऑर्डर देतानाच सांगून ठेवावं, नंतर तो तयार होत नाही.

सगळ्या बॅचेस शुक्रवार १९ ते मंगळवार २३ जून या एकाच शिफ्ट आठवड्यात बसवल्या आहेत, त्याला कारण आहे. प्रशिक्षण दोन आठवड्यांत विभागलं की मधल्या गुरुवारनंतर शिफ्ट बदलते. मग पहिल्या आठवड्यात नाइटला असलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात फर्स्टला येतो आणि दोन्हीकडच्या यादीतून सुटतो. पाच दिवस, रोज तीन बॅचेस, एका बॅचला साधारण २३ माणसं. बुधवार २४ राहिलेल्यांसाठी मोकळा.

पस्तीस मिनिटांत भाषण नको. प्रत्येकानं मशीनवर एकदा पंच करावा, ॲप उघडून स्वतःची हजेरी बघावी आणि मिस पंचचा एक अर्ज भरून पाठवावा. हे तिन्ही जमलं की त्यानं हजेरीपत्रकावर सही करायची. साधा फोन वापरणाऱ्यांना आठवड्याची हजेरी कागदावर खात्याच्या फलकावर मिळेल, हेही तिथंच सांगावं.

सुपरवायझर आणि कंत्राटदारांच्या माणसांना आधी बोलवावं, १६ आणि १७ जूनला दीड तास. अर्ज मंजूर करायचा अधिकार त्यांच्याकडं येणार आहे आणि तो वेळेत वापरला नाही तर खालच्या माणसाचा दिवस जातो. कंत्राटदाराचं बिलही आता याच तासांवरून बनणार, त्यामुळं त्याच्याशी आधी न बोलता परिपत्रक काढलं तर तो स्वतःचं मस्टर चालूच ठेवतो आणि महिनाअखेरीला दोन आकडे टेबलावर येतात.

हेल्पडेस्क

कामगाराला एकच नंबर द्यावा. मशीन बंद असेल तर आयटी, रजा चुकली तर एचआर, शिफ्ट चुकली तर टाइम ऑफिस, अशी वाटणी आतल्या आत करावी. ती परिपत्रकात छापली की माणूस तीन टेबलं फिरतो. नंबर व्यक्तीचा नको, विभागाचा हवा, म्हणजे माणूस रजेवर गेला तरी फोन उचलला जातो. हेल्पडेस्कच्या वेळा शिफ्ट बदलायच्या वेळांशी जुळाव्यात. ९ ते ५ असा हेल्पडेस्क नाइटवाल्याच्या काही उपयोगाचा नाही. रात्री ११ च्या आसपास निदान एक तास माणूस हवा, तोही पहिला महिनाभर.

तक्रार करताना काय सांगायचं हेही लिहावं: कर्मचारी कोड, तारीख, शिफ्ट आणि कोणता गेट. ‘माझी हजेरी लागली नाही’ एवढ्यावरून कुणाला काही शोधता येत नाही. शिवाय एक धीराची ओळ घालावी. नेट गेलं असेल तर मशीन पंच स्वतःजवळ साठवतं आणि नंतर पाठवतं, म्हणून ॲपवर लगेच दिसलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं. मशीनच बंद असेल तर मात्र सिक्युरिटीकडच्या वहीत वेळ आणि सही.

परिपत्रकाचा मसुदा

वरचं सगळं ठरल्यावर परिपत्रक दीड पानात बसतं. ते असं:

> परिपत्रक क्र. एचआर/हजेरी/०१
> दिनांक: ८ जून २०२६
> प्रति: सर्व कायम, ट्रेनी व कंत्राटी कामगार, सर्व विभागप्रमुख
> विषय: हजेरी नोंदीची नवी पद्धत
>
> १. दि. २५ जुलै २०२६ पर्यंतच्या हजेरीचा पगार सध्याच्या मस्टरवरून निघेल. दि. २६ जुलै २०२६ पासूनच्या हजेरीचा पगार नव्या सॉफ्टवेअरवरून निघेल.
>
> २. दि. २६ जून ते २५ जुलै या काळात मस्टरवर सही आणि गेटवरील मशीनवर पंच, दोन्ही करावे. या काळात मशीनवरील नोंद राहिल्यास पगार कापला जाणार नाही.
>
> ३. हजेरी ज्या तारखेला शिफ्ट सुरू झाली त्या तारखेची धरली जाईल. दि. २५ जुलैच्या रात्री ११ वाजता सुरू होणारी नाइट शिफ्ट मस्टरवर नोंदवली जाईल.
>
> ४. लेट मार्क, रजा व ओव्हरटाइमच्या नियमांत कोणताही बदल नाही. फर्स्ट शिफ्टसाठी ७.१० पर्यंतचा पंच वेळेवर धरला जाईल, ७.११ पासून लेट. इतर शिफ्टनाही हीच १० मिनिटांची सवलत राहील. कंपनीच्या बसला उशीर झाल्यास लेट मार्क लागणार नाही.
>
> ५. नोंदणी: दि. १० ते १७ जून (११ जून सोडून), टाइम ऑफिस, आपल्या शिफ्टच्या वेळेत. बोट व चेहरा दोन्ही ओळखले न गेल्यास कार्ड मिळेल.
>
> ६. प्रशिक्षण: दि. १९ ते २३ जून, ट्रेनिंग रूम. फर्स्ट शिफ्ट दु. २.१५, सेकंड दु. ३.१५, नाइट रात्री ११.१५. जनरल शिफ्टने दु. २.१५ च्या बॅचला यावे. विभागवार यादी सोबत जोडली आहे. राहिलेल्यांसाठी दि. २४ जून, याच वेळा. वारीच्या रजेवरून परतणाऱ्यांसाठी दि. २८ जुलै, याच वेळा. प्रशिक्षणाचा वेळ ड्युटीत धरला जाईल. सुपरवायझर व कंत्राटदार प्रतिनिधी: दि. १६ व १७ जून, दु. ४ ते ५.३०.
>
> ७. पंच राहिल्यास दोन दिवसांत ॲपवर किंवा टाइम ऑफिसमधील कागदी अर्जावर कळवावे. सुपरवायझरने पुढील दोन दिवसांत निर्णय द्यावा, न दिल्यास अर्ज टाइम ऑफिस निकाली काढेल. महिन्याच्या दुरुस्त्या २८ तारखेला सायं. ५ पर्यंत स्वीकारल्या जातील. त्यानंतरची दुरुस्ती पुढील पगारात फरकासह मिळेल.
>
> ८. बोटांचे ठसे व चेहऱ्याची माहिती फक्त हजेरीसाठी वापरली जाईल. ती टाइम ऑफिसचे नेमलेले कर्मचारीच पाहू शकतील. नोकरी सोडल्यानंतर अंतिम हिशेब झाल्यावर ती पुसली जाईल. ॲप लोकेशन घेत नाही.
>
> ९. हेल्पडेस्क: टाइम ऑफिस, इंटरकॉम २४५. व्हॉट्सॲप क्रमांक टाइम ऑफिसच्या व कॅन्टीनच्या फलकावर. वेळ स. ६.३० ते सायं. ५.३० आणि रात्री १०.३० ते ११.३०. कर्मचारी कोड, तारीख, शिफ्ट व गेट सांगावा.
>
> व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग

कलम ७ मधला ‘न दिल्यास’ हा तुकडा काढून टाकायचा मोह होतो, कारण सुपरवायझर नाराज होतात. तो ठेवावा. अर्ज सुपरवायझरच्या मोबाइलवर पडून राहणं हे मिस पंचच्या तक्रारींचं नेहमीचं कारण आहे. पहिल्या कलमाच्या आधी प्रस्तावना घालू नये. कॅन्टीनच्या फलकासमोर ताट घेऊन उभा असलेला माणूस वरच्या दोन ओळीच वाचतो.

मराठीसोबत हिंदी प्रतही लावावी, चाकणमधल्या खात्यांत बिहार आणि उत्तर प्रदेशातले लोक बरेच आहेत. प्रत गेटवर, कॅन्टीनमध्ये आणि प्रत्येक बसमध्ये चिकटवावी. युनियन असेल तर एक प्रत पदाधिकाऱ्यांना आदल्या दिवशी द्यावी आणि बसून बोलावं. नाइट शिफ्टच्या सेटिंगमधली एखादी चूक तेच दाखवून देतात.

दुहेरी महिन्यात काय बघायचं

दर शुक्रवारी आधीच्या आठवड्याचं मस्टर आणि सॉफ्टवेअरचा रिपोर्ट शेजारी ठेवून माणूसनिहाय फरकाची यादी काढावी. फरकांची कारणं सहसा ओळखीची निघतात: पंच विसरला, शिफ्टची अदलाबदल रोस्टरवर चढली नाही, मशीननं ओळखलं नाही, किंवा मस्टरच चुकीचं होतं. शेवटचं कारण निघालं तर कुणाला दोष न देता दुरुस्त करावं, नाहीतर सुपरवायझर दुसऱ्या आठवड्यापासून मशीनचा रिपोर्ट बघून मस्टर भरू लागतात आणि तुलनाच खोटी होते. तसं घडतंय हे ओळखायची खूण सोपी आहे: एखाद्या खात्याचे फरक एकदम शून्यावर आले आणि मस्टरवरच्या सह्या एकाच पेनानं झालेल्या दिसल्या की समजावं.

निर्णयाचा दिवस २० जुलै, सोमवार. त्या दिवशी यादीत कारण न सापडलेला फरक उरला असेल, विशेषतः नाइट शिफ्टचा किंवा एकाच गेटवरचा, तर मस्टर आणखी एक महिना चालू ठेवावं. त्यासाठी दोन ओळींचं शुद्धिपत्रक पुरतं: ‘परिपत्रक क्र. एचआर/हजेरी/०१, दि. ८ जून २०२६ मधील कलम १, २ व ३ मध्ये २५ जुलैऐवजी २५ ऑगस्ट आणि २६ जुलैऐवजी २६ ऑगस्ट असे वाचावे. इतर कलमे कायम.’ ते २२ जुलैच्या आत लागावं, कारण २३ ला गुरुवारची सुट्टी आहे आणि २५ च्या रात्री नाइटवाले मस्टरसमोर उभे राहतात तेव्हा सही करायची की नाही हे त्यांना माहीत असायला हवं.